गेटवरच्या वहीतून बाजारपेठ मोजताना

नव्या उत्पादनाच्या आराखड्यात एक वाक्य हमखास भेटते: अमुक क्षेत्राची देशातील उलाढाल इतक्या हजार कोटींची आहे, आणि त्यातला केवळ एक टक्का वाटा मिळाला तरी आपली विक्री तमुक कोटींवर जाते. हा एक टक्का कुठून आला, असे विचारल्यावर सहसा उत्तर मिळते की तो अगदी सावधपणे, कमीत कमी धरलेला आहे. परंतु त्याचा खरा दोष तो कमी आहे की जास्त, हा नाहीच. उत्पादनाची किंमत दुप्पट करा, ते बसवणे अवघड करा, किंवा पुण्याऐवजी नाशिकमध्ये विकायचे ठरवा. तो एक टक्का जागचा हलत नाही. जो आकडा उत्पादनात काहीही बदलले तरी बदलत नाही, तो उत्पादनाविषयी काहीच सांगत नसतो.

खालून वर जाणारा अंदाज याच्या उलट बांधला जातो. ग्राहक कोण, असे ग्राहक किती, त्यांतील किती जणांना हा खर्च परवडण्यापेक्षाही फायद्याचा ठरतो, किती ठिकाणी वस्तू प्रत्यक्ष बसू शकते आणि किती जण खरोखर पैसे काढतात, हे एकेक करून मोजावे लागते. प्रत्येक पायरीवरचा आकडा कुणीही जाऊन तपासू शकेल असा हवा. ही रीत एका उदाहरणावर पूर्ण करून पाहू. उदाहरणातील संख्या गणित दिसावे म्हणून मी धरलेल्या आहेत. आपल्या आराखड्यात त्या जागी आपल्या पाहणीतूनच आलेले आकडे हवेत.

उदाहरण पुण्याच्या पश्चिमेकडचे आहे. बाणेर, बालेवाडी, म्हाळुंगे आणि सूस या पट्ट्यातील अनेक गृहनिर्माण सोसायट्या टँकरने पाणी घेतात. पैसे खेपेप्रमाणे दिले जातात आणि खेप दहा हजार लिटरची धरली जाते. प्रत्यक्षात टाकीत किती पाणी पडले, हे कुणी मोजत नाही. समजा, एका छोट्या उद्योगाने टँकरचे पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत जाते त्या तोंडावर बसणारा फ्लो मीटर तयार केला आहे. प्रत्येक खेपेची वेळ आणि लिटर तो कमिटीच्या फोनवर पाठवतो. किंमत बसवणुकीसह ४५,००० रुपये, आणि वार्षिक देखभाल ६,००० रुपये. प्रश्न असा की या पट्ट्यात अशी किती यंत्रे विकली जातील?

मोजायचे एकक आधी ठरवा

पहिली चूक बहुधा इथेच होते, आणि ती पुढे प्रत्येक गुणाकारात वाढत जाते. आपले ग्राहक फ्लॅटधारक नाहीत, कारण यंत्र विकत घेण्याचा निर्णय सोसायटीची व्यवस्थापकीय समिती किंवा सर्वसाधारण सभा घेते. म्हणून निर्णयाचे एकक सोसायटी. मात्र यंत्र सोसायटीला बसत नाही, ते टाकीच्या तोंडाला बसते. चार इमारतींच्या सोसायटीत एकच टाकी असू शकते किंवा चार वेगवेगळ्या टाक्या असू शकतात. म्हणून विक्रीचे एकक तोंड. ही दोन एकके वहीत पहिल्या दिवसापासून वेगळ्या रकान्यांत ठेवावीत, कारण विक्रेत्याचा वेळ सोसायट्यांच्या संख्येवर खर्च होतो आणि पैसे तोंडांच्या संख्येवर मिळतात.

भूभागाची सीमाही अशीच विचार करून आखावी लागते. वाकड इथून हाकेच्या अंतरावर असले तरी ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत येते, तिथला पाणीपुरवठा वेगळा आणि टँकरची गरजही वेगळी. बाणेर आणि बालेवाडी पुणे महापालिकेत पूर्वीपासून आहेत, तर म्हाळुंगे आणि सूस २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी आहेत. त्यामुळे एकाच पट्ट्यात नळाच्या पाण्याची स्थिती गल्लीगणिक पालटते. या दोन भागांचे आकडे एकत्र करण्याआधी वेगवेगळे लिहून ठेवणे चांगले.

यादी: किती सोसायट्या आहेत

घरबसल्या मिळणारा सर्वांत उपयोगी स्रोत म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पांची नोंद. त्यात प्रकल्पाचे ठिकाण, सदनिकांची संख्या आणि पूर्ण होण्याची तारीख मिळते. पण ही सोसायट्यांची यादी नव्हे, आणि तिचे तीन दोष ठाऊक नसले तर अंदाज पहिल्याच ओळीत फसतो. एकाच प्रकल्पाचे टप्पे स्वतंत्रपणे नोंदवले जात असल्यामुळे एका सोसायटीची तीन नावे दिसू शकतात. मे २०१७ मध्ये ही व्यवस्था सुरू होण्यापूर्वी ज्या इमारती पूर्ण झाल्या, त्या यादीत नाहीतच, आणि बाणेरमध्ये अशा इमारती थोड्याथोडक्या नाहीत. शिवाय बांधकाम चालू असलेले प्रकल्पही तिथे असतात. त्यांना आज मीटर विकता येत नाही.

म्हणून नोंदीतली नावे नकाशावर एकेक टिपून एकाच फाटकाच्या आतील टप्पे एकत्र करावे लागतात, जुन्या सोसायट्यांची भर सहकार खात्याच्या नोंदींतून आणि रस्त्यावर फिरून घालावी लागते, आणि ज्यांत कुणी राहत नाही ते प्रकल्प काढून टाकावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, दोघांना चार-पाच दिवस सहज लागतात, आणि त्याला पर्याय नाही. आपल्या उदाहरणात ही छाननी झाल्यावर ६२० वस्तीच्या सोसायट्या उरल्या असे धरू.

वहीचे पान

आता या ६२० पैकी किती सोसायट्या टँकर घेतात आणि वर्षाला किती खेपा घेतात, हे शोधायचे आहे. फोनवर सेक्रेटरीला विचारले तर उत्तर बहुतेक वेळा ‘उन्हाळ्यात खूपच येतात हो’ असे येते. त्यापेक्षा गेटवरची वही पाहावी.

जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर टँकरची एक लांब वही असते. तारीख, गाडीचा क्रमांक, वेळ, लिटर, ड्रायव्हरची सही, वॉचमनची सही असे तिचे रकाने हाताने आखलेले असतात. लिटरच्या रकान्यात पानाच्या माथ्यावर एकदा ‘१०,०००’ लिहिलेले असते आणि खाली पान संपेपर्यंत केवळ तेच ते दाखवणाऱ्या दोन तिरक्या खुणा. महिन्याकाठी याच खुणांवरून बिल तयार होते. आपल्या उत्पादनाची गरज का आहे, हे त्या रकान्याइतके नेमके दुसरे कोणतेही सादरीकरण सांगत नाही. पण आपल्याला सध्या हवी आहे ती खेपांची संख्या.

इथे ऋतूचा सापळा आहे. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत टँकरची मागणी चढते, आणि पावसाळ्यात खडकवासला साखळीतली धरणे भरली की उतरते. मे महिन्यातला एक आठवडा पाहून त्याला ५२ ने गुणले, तर आकडा फुगणारच. म्हणून वहीतून चार आठवडे घ्यावेत, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी यांतला प्रत्येकी एक, आणि त्यांच्या बेरजेला १३ ने गुणावे. समजा, एका सोसायटीत या आठवड्यांत अनुक्रमे ३८, ४, ११ आणि २२ खेपा आल्या. बेरीज ७५, म्हणजे वर्षाला ९७५ खेपा. फक्त मे महिना धरला असता तर १,९७६ आल्या असत्या, दुपटीहून थोड्या अधिकच.

ज्या ठिकाणी वही नीट ठेवलेली नाही, तिथे दुसरा मार्ग आहे. सोसायटीचे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेच्या सूचनेसोबत सभासदांना वाटल्या जाणाऱ्या अहवालातील जमाखर्चात टँकरच्या पाण्याचा खर्च बहुधा स्वतंत्र ओळीत दाखवलेला असतो. त्याला खेपेच्या दराने भागले की वर्षाच्या खेपा मिळतात. ओळखीच्या एखाद्या सभासदाकडे हा अहवाल असतोच, आणि तो दाखवायला सहसा कुणी कां-कूं करत नाही.

नमुना निवडताना ओळखीच्या घरांपासून दूर राहा

६२० गेटवर जाणे शक्य नाही. ६० वर जाणे शक्य आहे. ती ६० कोणती, हे मात्र सोयीने ठरवू नये. यादी पत्त्याप्रमाणे लावावी, पहिल्या दहांतले एक नाव चिठ्ठी टाकून घ्यावे, आणि तिथून पुढे प्रत्येक दहावे नाव घेत जावे. शेवटी दोन-तीन नावे जास्त झाली तर तीही चिठ्ठीनेच वगळावीत. असे न करता आपण मित्रांच्या सोसायट्यांत गेलो, तर मोठ्या, नव्या, फोनवर हिशेब पाहणाऱ्या कमिट्यांचा पट्टा हाती लागतो आणि बाणेर गावठाणाजवळच्या बारा फ्लॅटच्या इमारती गळून जातात. त्या इमारतीही ६२० मध्ये मोजलेल्या आहेत, हे विसरून चालत नाही.

समजा, ६० पैकी ८ ठिकाणी आत सोडले नाही आणि ५२ ठिकाणची माहिती मिळाली. त्यांतील ३४ सोसायट्या वर्षात कधी ना कधी टँकर घेतात. इथे थांबून ‘दोनतृतीयांश सोसायट्या आपल्या ग्राहक’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि बहुतेक आराखडे तसे लिहितातही. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

उंबरठा: हा खर्च कुणाला परवडून उरतो

टँकर घेणारी प्रत्येक सोसायटी मीटर घेणार नाही. ज्या सोसायटीचे पैसे मीटरमुळे वाचतात तीच घेईल. म्हणून किती खेपांपासून पुढे हे यंत्र फायद्याचे ठरते, तो उंबरठा काढायचा. या लेखातील हीच पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण वरून खाली येणाऱ्या टक्केवारीत तिला जागाच नसते.

खेपेचा दर १,००० रुपये धरू आणि खेपेमागे सरासरी ५ टक्के पाणी कमी पडते असे धरू. मीटर बसल्यावर ही तूट थांबली, तर खेपेमागे ५० रुपये वाचतात. कमिटी साधारण दोन वर्षांत पैसे वसूल व्हावेत अशी अपेक्षा ठेवते असे मानले, तर वर्षाला ४५,००० चे निम्मे म्हणजे २२,५०० आणि देखभालीचे ६,००० असे २८,५०० रुपये वाचायला हवेत. २८,५०० भागिले ५० म्हणजे ५७० खेपा. वर्षाला यापेक्षा कमी खेपा घेणाऱ्या सोसायटीला आपले यंत्र आवडेल, सेक्रेटरी चहाही पाजेल, पण ठराव होणार नाही.

हा उंबरठा दर तोंडामागे आहे, दर सोसायटीमागे नाही. ज्या सोसायटीत ६०० खेपा दोन टाक्यांत विभागल्या जातात, तिथे प्रत्येक तोंडावर ३०० च होतात आणि दोन्ही यंत्रांचे पैसे वसूल होत नाहीत. एकके वेगळी ठेवायला सुरुवातीला सांगितले, ते याकरता.

आपल्या ५२ पैकी हा उंबरठा २२ सोसायट्या ओलांडतात असे धरू. आता या २२ ठिकाणी यंत्र बसते का? फ्लो मीटरला पाइप पूर्ण भरून वाहणारा लागतो, आणि मीटरच्या आधी काही लांबीचा सरळ पाइप असावा लागतो. अनेक ठिकाणी ड्रायव्हर टाकीचे लोखंडी झाकण उचलून होसपाइप सरळ आत सोडतो; तिथे मीटर लावायला पाइपच नसतो. टाकीतली पातळी मोजणारे यंत्र लावू म्हटले, तर पाणी भरत असतानाच पंप ते वरच्या टाकीत चढवत असतो, आणि पातळीवरून काढलेले लिटर चुकतात. तोंडाशी नवा पाइप बसवून देता येईल, पण मग किंमत ४५,००० राहत नाही आणि उंबरठा वर सरकतो. म्हणून आज आहे त्या स्थितीत यंत्र बसेल अशा सोसायट्या किती, हे झाकण उचलून पाहूनच ठरवावे. उदाहरणात त्या १५ निघाल्या: ११ ठिकाणी एक तोंड, ३ ठिकाणी दोन, एका ठिकाणी चार, मिळून २१ तोंडे. सोसायटीमागे १.४.

आता गुणाकार. ५२ मध्ये १५ म्हणजे २८.८ टक्के, ६२० च्या प्रमाणात १७९ सोसायट्या, साधारण २५० तोंडे. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत ठेवल्यास पुढे एखादा आकडा बदलला तरी बाकीचे आपोआप हलतात:

```
B1  620          वस्तीच्या सोसायट्या
B2  =15/52       उंबरठा ओलांडून यंत्र बसेल असा भाग
B3  =21/15       सोसायटीमागे तोंडे
B4  45000        किंमत
B5  =B1*B2*B3    तोंडे
B6  =B5*B4       एकवेळची रक्कम
```

शेवटच्या ओळीत सुमारे १ कोटी १३ लाख रुपये येतात. ही रक्कम एकदाच मिळणारी आहे. मीटर पुढच्या वर्षी पुन्हा विकला जात नाही. दरवर्षी येणारी रक्कम फक्त देखभालीची, म्हणजे सर्व तोंडांवर यंत्र बसले तर वर्षाला १५ लाख. या दोन रकमा एकाच ओळीत बेरीज करून ‘वार्षिक बाजारपेठ’ म्हणणे ही टिकाऊ वस्तूंच्या आराखड्यांतली नेहमीची गफलत आहे.

आकडा किती डळमळीत आहे ते लिहा

१७९ हा आकडा नेमका दिसतो, पण तो ५२ गेटवरून आला आहे. एवढ्या नमुन्यावर २८.८ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे १२ टक्के-गुणांची मोकळीक ठेवावी लागते. म्हणजे खरे प्रमाण साधारण १७ ते ४१ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते आणि सोसायट्या १०५ ते २५४. शिवाय ज्या ८ ठिकाणी आत सोडले नाही, त्या सगळ्या आपल्या उपयोगाच्या नाहीत असे मानले तर ६० मध्ये १५, म्हणजे १५५ सोसायट्या. आराखड्यात मधला आकडा द्यावा आणि त्याच्या शेजारीच ही कक्षाही द्यावी. तळटीपेत लपवलेली कक्षा कुणी वाचत नाही.

मात्र एक करू नये. प्रत्येक पायरीवर सर्वांत कमी आकडा घेऊन त्यांचा गुणाकार केला की निराशाजनक अंदाज तयार होतो, आणि सर्वांत जास्त घेऊन केला की हवेतला. सगळ्याच गोष्टी एकाच वेळी एकाच दिशेने बिघडतील याची शक्यता फार कमी असते. त्याऐवजी एका वेळी एकच गृहीतक हलवून शेवटचा आकडा किती हलतो ते पाहावे.

असे पाहिले की एक गृहीतक बाकीच्यांपेक्षा कितीतरी जड निघते: ५ टक्के तूट. ती ३ टक्के असेल, तर खेपेमागे ३० रुपयेच वाचतात, उंबरठा ५७० वरून ९५० खेपांवर जातो, आणि समजा १५ पैकी ६ सोसायट्याच तो ओलांडतात. १७९ चे ७२ होतात. याउलट ६२० ऐवजी ६५० सोसायट्या निघाल्या, तर फरक पाच टक्क्यांचाही नाही. म्हणून उरलेला वेळ आणि पैसा आणखी गेट मोजण्यात न घालवता तूट मोजण्यात घालावा. तीन सोसायट्यांत तात्पुरता मीटर लावून प्रत्येकी तीस खेपा मोजाव्यात, आणि त्या एकाच पुरवठादाराच्या नसाव्यात. ड्रायव्हरला मीटर दिसत असतो, हेही लक्षात ठेवावे लागते. पहिल्या आठवड्यात टाक्या काठोकाठ भरून येतात. म्हणून आधी काही दिवस मीटर नुसता बसवून ठेवावा आणि त्याची नवलाई ओसरल्यावरच मोजणीला सुरुवात करावी. एवढे करूनही हाती येणारी तूट खऱ्यापेक्षा थोडी कमीच असणार, म्हणून ती किमान समजावी.

दुसऱ्या टोकाने पडताळा

अंदाज बरोबर आहे का, हे त्याच वहीतून तपासता येत नाही; वेगळ्या दिशेने यावे लागते. आपण टँकरच्या बाजूने येऊ. समजा, ५२ सोसायट्यांच्या वर्षभराच्या खेपांची बेरीज २९,००० आहे. त्या प्रमाणात ६२० सोसायट्यांच्या खेपा सुमारे ३,४६,००० होतात, म्हणजे दिवसाला सरासरी ९५० च्या आसपास. एक गाडी दिवसाला सहा खेपा करते असे ड्रायव्हरांकडून कळले, तर या पट्ट्याला रोज जवळजवळ १६० गाड्या लागतात.

आता या गाड्या दिसतात का? महापालिकेच्या भरणा केंद्रांवर आणि खासगी बोअर व विहिरींच्या भरणा ठिकाणी एकेक दिवस उभे राहून गाड्यांचे क्रमांक टिपावेत. महापालिकेच्या केंद्रांवरच्या खेपांची संख्या वर्तमानपत्रांत वेळोवेळी येते, पण खासगी बोअरवरून भरणाऱ्या गाड्या त्यात नसतात, म्हणून केवळ त्या बातमीवर विसंबू नये. मोजणीत १६० ऐवजी १४० किंवा १९० वेगळे क्रमांक मिळाले, तर अंदाजावर भरवसा ठेवता येतो. ६० च मिळाले, तर कुठेतरी मोठी चूक आहे. बहुधा वहीतले आठवडे टंचाईच्या वर्षातले निघतात किंवा नमुन्यात मोठ्या सोसायट्या जास्त आलेल्या असतात.

‘घेऊ’ आणि ‘घेतले’ यांतले अंतर

१७९ सोसायट्यांना यंत्र फायद्याचे आहे, म्हणून त्या सगळ्या ते घेतील असे होत नाही. ‘तुम्ही हे घ्याल का?’ या प्रश्नाला पुण्यात नम्रपणे ‘पाठवा की कोटेशन, बघू’ असे उत्तर मिळते, आणि त्याची मोजदाद करून काही उपयोग नसतो. मोजायची ती कृती. त्या १५ सोसायट्यांना लेखी कोटेशन द्यावे आणि मीटर महिनाभर चाचणीसाठी लावायचा असेल तर कमिटीच्या बैठकीत मंजुरी घेऊन २,००० रुपये परताव्याची अनामत भरावी, असे सांगावे. रक्कम लहान आहे, पण तिच्यासाठी बैठकीच्या इतिवृत्तात ओळ लिहावी लागते आणि खजिनदाराला धनादेश काढावा लागतो. खरेदीची वाटही तीच आहे.

समजा, १५ पैकी ५ जणांनी अनामत भरली. एकतृतीयांश. १७९ चे सुमारे ६० सोसायट्या आणि ८४ तोंडे होतात. विक्रीचे ३७ लाख ८० हजार एकदाच, आणि देखभालीचे दरवर्षी सुमारे ५ लाख. अवघ्या १५ जणांवरून काढलेले हे प्रमाण १५ ते ५८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या विक्रीतून ते सुधारत राहावे लागेल.

वेळेचाही हिशेब लावून पाहू. कमिटीचे सभासद नोकरदार असल्यामुळे भेटी संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी होतात. एक विक्रेता आठवड्याला पाच कामाच्या भेटी करू शकला, तर ४५ आठवड्यांत २२५ भेटी होतात. एका सोसायटीमागे, ती शेवटी नाही म्हणो वा हो, पाच भेटी लागल्या, तर वर्षाला ४५ सोसायट्या हाताळून होतात आणि १५ होकार मिळतात. दोन विक्रेत्यांना ३०. म्हणजे ६० सोसायट्या दोन वर्षांत संपतात. समितीच्या खर्चाच्या अधिकाराला मर्यादा असते; त्याहून मोठी रक्कम सर्वसाधारण सभेपुढे जाते. चार तोंडांच्या सोसायटीचा १,८०,००० रुपयांचा प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये नेला, तर तो कदाचित पुढच्या सप्टेंबरपर्यंत पडून राहील. म्हणून मोठ्या सोसायट्यांना जून-जुलैतच गाठावे. उन्हाळ्याची बिले तेव्हा ताजी असतात आणि सभेची विषयपत्रिका अजून तयार व्हायची असते.

या आकड्यांवरून उद्योगाला एक स्पष्ट उत्तर मिळते: हा पट्टा एकटा दोन विक्रेत्यांचा, बसवणाऱ्याचा आणि कार्यालयाचा खर्च दोन वर्षांपलीकडे पेलणार नाही. मग पर्याय तपासता येतात, आणि तेही याच तक्त्यात. यंत्र न विकता महिना १,५०० रुपये भाड्याने दिले तर सोसायटीला वर्षाला १८,००० लागतात, उंबरठा ३६० खेपांवर येतो, आणि ५२ मध्ये १५ ऐवजी समजा १९ सोसायट्या बसतात; ६२० मध्ये सुमारे २२७. एकदाच मिळणारी रक्कम जाते, पण दरवर्षी येणारी वाढते आणि सर्वसाधारण सभेची वाट बहुधा पाहावी लागत नाही. यंत्रांत अडकणारे भांडवल मात्र उद्योगाचे असते, आणि ते किती महिने अडकते हे वेगळे मोजावे लागते.

गृहीतके कधी शिळी होतात

या तक्त्यातील काही आकडे मुदतीचे आहेत. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेतून एखाद्या भागात नवी टाकी व जलवाहिनी सुरू झाली की तिथल्या खेपा घटतात, आणि ५७० च्या थोड्याच वर असलेल्या सोसायट्या एका हंगामात उंबरठ्याखाली जातात. म्हणून १५ सोसायट्यांच्या नावांपुढे त्यांच्या खेपाही लिहून ठेवाव्यात. ६०० खेपांची सोसायटी आणि २,००० खेपांची सोसायटी यांना सारखे मोजू नये.

दुसरा बदल आपल्याच यंत्रामुळे होतो. एका गल्लीतील तीन सोसायट्यांनी मीटर लावले की तोच पुरवठादार चौथ्या सोसायटीतही भरलेली गाडी आणू लागतो, आणि चौथीला मीटर घ्यायचे कारण उरत नाही. किंवा तो भरलेल्या गाडीचा दर शंभर रुपयांनी वाढवतो, आणि मग मीटर असलेल्या सोसायटीचीही बचत पुसली जाते. पहिल्या वर्षी ज्या गल्ल्यांत विक्री झाली, त्यांच्या आसपासच्या सोसायट्यांत तूट पुन्हा मोजून तक्त्यातली ५ टक्क्यांची ओळ दुरुस्त करावी, आणि दुरुस्तीची तारीख त्याच ओळीत लिहावी.

याच कारणाने पाहणीचा महिनाही तक्त्यात नोंदवावा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा शहरभर टँकरच्या पाण्याची चर्चा होती. त्या दिवसांत कुणी कमिट्यांना भेटले असते तर मीटरविषयी उत्सुकता भरपूर दिसली असती. पण लोकांना तेव्हा पाणी किती मिळते याची काळजी नव्हती, ते शुद्ध आहे का याची होती, आणि आपला फ्लो मीटर ते सांगत नाही.